एक खोली, चार वर्ग: मॅडम दुसरीकडे असताना आपलं मूल काय करतं?

जून महिना आला की दाखल्याच्या वेळी पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसतात म्हणे. मग माझ्या मुलीला शिकवणार कोण आणि कधी?" प्रश्न रास्त आहे. बरेच पालक उत्तराची वाट न बघता मुलाचं नाव काढतात आणि व्हॅन लावून शहरातल्या शाळेत घालतात. काही पालक दुसरा पर्याय नाही म्हणून मुलाला तिथेच ठेवतात, पण मनात धाकधूक असते. दोघांनाही एक गोष्ट माहीत असायला हवी. अशा वर्गाला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ते चांगलंही चालू शकतं आणि फार वाईटही, आणि कोणतं चाललं आहे हे घरी बसून ओळखता येतं.

असे वर्ग तयार कसे होतात?

आपला पनवेल तालुका बघा. एका बाजूला खारघर, कळंबोली, नवीन पनवेल. तिथे मोठमोठ्या इंग्रजी शाळा. दुसऱ्या बाजूला माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंगे या भागातल्या वाड्या आणि मध्ये आपल्या कोकणी मुस्लिम वस्तीची गावं. या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या मराठी आणि उर्दू शाळांचा पट कमी होत गेला. शिक्षक मिळतात ते पटावर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. म्हणजे शाळेत वीस मुलं असोत की पन्नास, कायद्याने शिक्षक दोनच. चार वर्ग आणि दोन शिक्षक, तर प्रत्येकाकडे दोन वर्ग येणारच. कुणी कामचुकारपणा केला म्हणून नव्हे, हिशेबच तसा आहे.

आता त्या दोघांतला एक प्रशिक्षणाला गेला, केंद्राच्या बैठकीला गेला, निवडणुकीच्या कामावर गेला किंवा आजारी पडला, तर त्या दिवशी चारही वर्ग एकाच्या गळ्यात. उर्दू शाळांची अडचण आणखी वेगळी आहे. उर्दू माध्यमाच्या काही जागा आरक्षित बिंदूंवर असतात. त्या प्रवर्गातले उर्दू शिकलेले उमेदवार मिळत नाहीत आणि जागा रिकामी राहते. शेजारच्या मराठी शाळेतून शिक्षक उसना आणावा, तर तो उर्दूची लिपी शिकवू शकत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. २०२३ साली छोट्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची चर्चा राज्यात निघाली. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा समोर आला होता. या सगळ्या शाळांत एकाहून जास्त वर्ग एकत्र बसतात असं समजायला हरकत नाही.

चाळीस मिनिटांचा हिशेब

एक तासिका साधारण चाळीस मिनिटांची धरू. चार वर्ग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं. पालक इथेच घाबरतात आणि म्हणतात, दहा मिनिटांत काय शिकणार? पण खरी गोष्ट उरलेल्या तीस मिनिटांची आहे. त्या तीस मिनिटांत मूल काय करतं, यावर सगळं अवलंबून असतं.

वाईट चालणाऱ्या वर्गात असं दिसतं. चार वर्ग चार कोपऱ्यांत. शिक्षक पहिलीकडे जाताना तिसरीला सांगतात, "पान बावीस उतरवून काढा." मूल पान उतरवतं. सुंदर अक्षरात उतरवतं. पण उतरवताना डोकं बंद असतं. ज्याला वाचता येत नाही तोही पान उतरवू शकतो, कारण तो अक्षरांचं चित्र काढत असतो. दहा मिनिटांत पान संपलं की दंगा सुरू. मग शिक्षक पहिलीला सोडून तिसरीला गप्प करायला धावतात, आणि पहिलीची दहा मिनिटंही जातात. हा वर्ग म्हणजे चार शाळांचे चार तुकडे. प्रत्येक मुलाला पाव शिक्षक मिळतो.

चांगल्या वर्गात हिशेब वेगळा असतो. तिथे एक विषय सगळ्यांचा मिळून सुरू होतो. मग ज्यांना शिक्षकाची गरज सर्वांत जास्त आहे त्यांच्याजवळ शिक्षक बसतात. बाकीच्यांच्या हातात त्या वेळेपुरतं, त्यांना एकट्याने जमेल असं, पण विचार करायला लावणारं काम असतं. सांगायला सोपं आहे. करायचं कसं, ते एका उदाहरणाने बघू.

एका दिवसाचं गणित

समजा शाळेत १९ मुलं आहेत. पहिलीत ४, दुसरीत ५, तिसरीत ६ आणि चौथीत ४. दुसरे शिक्षक आज प्रशिक्षणाला गेले आहेत. अशा दिवशी अनुभवी शिक्षक दोन तासिका जोडून घेतात, म्हणजे ८० मिनिटं सलग मिळतात. चार वर्गांना चार वेगळे विषय देत नाहीत. सगळ्यांना गणितच, आणि तेही एकाच गोष्टीवर: दुकान.

पहिली १५ मिनिटं सगळे एकत्र. फळ्यावर भाव लिहिलेले: बिस्किटाचा पुडा ५ रुपये, साबण ३२, वही २५. पहिलीला विचारायचं, पुड्यासाठी रुपयाची किती नाणी लागतील? दुसरीला, वही आणि साबण मिळून किती झाले? उत्तर ५७. तिसरीला, गिऱ्हाइकाजवळ ८२ रुपये होते आणि ५७ चा माल घेतला, तर उरले किती? चौथीला, सहा वह्या घेऊन दोनशेची नोट दिली तर परत किती मिळतील? पहिलीचं मूल चौथीचा प्रश्न कानावर घेत असतं, चौथीचं मूल जुनं परत ऐकत असतं. एकवर्गी शाळेत ही सोय नसते.

पुढची २० मिनिटं शिक्षक तिसरीजवळ बसतात, कारण आज तिथे नवीन आणि अवघड गोष्ट आहे. ८२ मधून ५७ वजा करताना बरीच मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन काढतात. हे फळ्यावर दहा वेळा सांगून सुटत नाही. काड्यांचे दहा-दहाचे आठ गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवायच्या. सात काड्या दे म्हटलं की मूल अडतं. मग ते स्वतः एक गठ्ठा सोडतं. आता गठ्ठे सात आणि सुट्या बारा. बारातून सात गेल्या, पाच राहिल्या. सात गठ्ठ्यांतून पाच गेले, दोन राहिले. उत्तर २५. सहा मुलांनी हे हाताने करायला वीस मिनिटं लागतातच.

तोवर बाकीचे काय करतात? दुसरीची मुलं जोडीजोडीने काड्यांचे गठ्ठे करून बेरजा करतात. पाच मुलं आहेत, म्हणून एक गट तिघांचा. चौथीला वाचता येतं, म्हणून त्यांच्याकडे लेखी कार्डं. पहिलं सोपं, दुसरं जरा अवघड, आणि तिसऱ्यावर लिहिलेलं: "फळ्यावरचे भाव वापरून तुम्हीच एक उदाहरण तयार करा आणि मित्राला द्या." उत्तर कार्डाच्या मागे. आधी सोडवायचं, मग उलटून बघायचं. दोनदा चुकलं तर तो प्रश्न बाजूला ठेवायचा, शिक्षक आले की विचारायचा. तिसरीत धावत यायचं नाही, हा वर्गाचा नियम.

पहिलीची गोष्ट नाजूक आहे. सहा वर्षांचं मूल एकच काम वीस मिनिटं एकट्याने करत नाही. म्हणून त्याला दहा-दहा मिनिटांची दोन छोटी कामं लागतात. आधी चिंचोके मोजून अंकाच्या चिठ्ठीवर ठेवणं, मग पाटीवर नाणी काढणं. मधल्या बदलासाठी चौथीची एक मुलगी दहा मिनिटं त्यांच्यात बसते. उद्या ती बसणार नाही, दुसरं कोणी बसेल.

तिसरीचं झालं की तिला पाच वजाबाक्या द्यायच्या आणि १५ मिनिटं पहिलीजवळ बसायचं. मग १० मिनिटं दुसरीजवळ, १० मिनिटं चौथीजवळ. शेवटची १० मिनिटं पुन्हा सगळे एकत्र. प्रत्येक वर्गातलं एक मूल उभं राहून आपण काय केलं ते सांगतं. बेरीज करून बघा, ८० मिनिटं पूर्ण झाली. प्रत्येक मुलाला शिक्षकाबरोबर एकत्रित २५ मिनिटं मिळाली आणि आपल्या वर्गाची १० ते २०. राहिलेला वेळही रिकामा गेला नाही.

यामागची मेहनत मात्र दिसत नाही. ही कार्डं, चिठ्ठ्या, काड्यांचे गठ्ठे आदल्या दिवशी तयार असावे लागतात. शिक्षक सकाळी आल्यापासून ऑनलाइन माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या नोंदीत अडकले, की दुसऱ्या दिवशी "पान बावीस उतरवा" हाच मार्ग उरतो.

मोठ्या मुलाने लहानाला शिकवणं कुठवर ठीक?

यावर पालकांची तक्रार येते: "माझी मुलगी शिकायला येते की शिकवायला?" ही पद्धत फार जुनी आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या एका अनाथालयात अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेतलं. ती 'मद्रास पद्धत' पुढे इंग्लंडमध्येही गेली, कारण तिच्यात एका शिक्षकात खूप मुलं भागत होती. तिची मर्यादाही तीच होती. मोठं मूल पाठ म्हणवून घेऊ शकतं, पण लहान मूल कुठे आणि का चुकलं हे त्याला कळत नाही.

म्हणून साधा नियम धरावा. मोठ्या मुलाने लहानाला शब्द वाचून दाखवणं, खेळ समजावणं, मोजून घेणं यात दोघांचा फायदा आहे. समजावून सांगताना मोठ्याचंही पक्कं होतं. पण नवीन धडा शिकवायचा तो शिक्षकानेच. आणि रोज तीच हुशार मुलगी पहिली सांभाळत असेल, तर तिचं नुकसान होत आहे. असं असेल तर पालकांनी जरूर विचारावं.

वर्ग तिसरीचा, वाचन दुसरीचं

दुसरी तक्रार: "माझ्या मुलाला तिसरीत असून दुसरीत का बसवलं?" यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. हे आपल्या घरांना तर लगेच समजायला हवं. मकतबमध्ये मूल किती वर्षांचं आहे यावर सबक ठरत नाही. एक कायदा शिकतो, एक पहिल्या पाऱ्यावर असतो, शेजारी बसलेला त्याच्याच वयाचा मुलगा पाचव्या पाऱ्यावर असतो. उस्ताद प्रत्येकाचा सबक वेगळा ऐकतात, जुना धडा पक्का झाल्याशिवाय नवा देत नाहीत. आपण त्याला कधी कमीपणा मानत नाही.

शाळेत भाषेच्या तासाला हेच करता येतं. तिसरीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, त्याला त्या एका तासापुरतं दुसरीच्या गटात बसवायचं. दुसरीतली जी मुलगी गोष्ट वाचते, तिला तिसरीत. 'प्रथम' संस्थेने देशभर हीच पद्धत चालवली: वर्ग न बघता मूल आज काय वाचू शकतं ते बघून गट करायचे. आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांमध्ये पुस्तकाचेच छोटे छोटे टप्पे करून कार्डं बनवली. मूल शिडी चढावी तसं एक एक कार्ड पुढे जातं. आजारी पडून पंधरा दिवसांनी आलं तरी जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू करतं. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांनी यावरून आपली पद्धत बसवली.

मकतब आणि शाळेत एक फरक मात्र आहे. मकतबमध्ये बाकीची मुलं मोठ्याने आपला सबक घोकत असतात, कारण तिथे पाठ करणं हेच काम आहे. गणित आणि परिसर अभ्यासात नुसतं घोकून चालत नाही. म्हणून तिथे शिक्षक जवळ नसतानाचं काम विचारपूर्वक द्यावं लागतं.

आणि गट कायमचा नसावा. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा वाचून घ्यायचं आणि गट बदलायचे. जून महिन्यात जो खालच्या गटात बसला तो मार्चमध्येही तिथेच असेल, तर तो गट राहिला नाही, शिक्का झाला.

उर्दू शाळेसाठी एक गोष्ट खास सांगते. मराठी हा विषय चारही वर्गांचा एकत्र घेणं सर्वांत सोपं जातं. घरात उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला आधी मराठी ऐकायची आणि बोलायची सवय लागते. गोष्ट, गाणं, बाजाराचा संवाद यांत पहिली आणि चौथी मजेत एकत्र बसतात. लिहिण्याच्या वेळी तेवढे वेगळे करायचे.

घरी कसं ओळखाल?

शाळेत जाऊन तपासणी करायची गरज नाही. तीन गोष्टी बघा.

पहिली, वही. पानंच्या पानं पुस्तकातून उतरवलेली असतील आणि मुलाने स्वतः बनवलेलं एकही वाक्य किंवा उदाहरण नसेल, तर ती तीस मिनिटं वाया जात आहेत. वहीत खाडाखोड आणि चुका असतील, त्या चुका शिक्षकाने खुणावलेल्या असतील आणि मुलाने पुन्हा सोडवलेल्या असतील, तर घाबरू नका. ती चांगली वही आहे. सुंदर अक्षरावर फसू नका.

दुसरी, एक प्रश्न. "आज शाळेत काय शिकवलं?" असं विचारलं की सगळी मुलं "काही नाही" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "मॅडम पहिलीजवळ बसल्या होत्या तेव्हा तू काय करत होतीस?" चार दिवस विचारा. चारही दिवस "लिहीत होते" किंवा "बसले होते" असं उत्तर आलं, तर समजून घ्या.

तिसरी, शिक्षकाला विचारा की माझं मूल वाचनात नेमकं कुठे अडतं. "ठीक आहे, हुशार आहे" हे उत्तर नव्हे. "शब्द वाचतो, पण लांब वाक्यात अडकतो" हे उत्तर. इतकी मुलं सांभाळूनही जो शिक्षक हे सांगू शकतो, त्याच्या वर्गात चार इयत्ता असल्या तरी आपलं मूल हरवलेलं नाही. शहरातली शाळा बघायला जाल तेव्हा तिथेही हेच तीन प्रश्न लावा. एका खोलीत एकच वर्ग आहे, पण चाळीस मुलं सगळी फळा उतरवत आहेत, तर व्हॅनचे पैसे देऊन आपण तीच गोष्ट विकत घेतो आहोत.

कुठे थांबून तक्रार करावी?

आता मर्यादाही स्पष्ट सांगते. एका शिक्षकाने चार वर्ग सांभाळणं एक दिवस, एक आठवडा जमतं. वर्षभर तसंच चाललं, तर कितीही चांगला शिक्षक मागे पडतो. पहिलीचं वाचन सगळ्यात आधी बिघडतं, कारण त्या वयाला शिक्षक सतत जवळ लागतो. दोन शिक्षकांचा नियम कायद्यात आहे. दुसरी जागा महिनोन्‌महिने रिकामी असेल, तर ती मागणं हा आपला हक्क आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या महिला, असं कायदा सांगतो. बहुतेक अम्मींना आपण समिती सदस्य आहोत हे सहीपुरतंच माहीत असतं. समितीचा ठराव लिहून घ्या. रिकाम्या जागेची तारीख, पट आणि वर्गांची संख्या त्यात घाला. केंद्रप्रमुखांमार्फत पनवेल पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

आणि ३० सप्टेंबर ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. पट मोजताना मुलाचा आधार शाळेच्या नोंदीशी जुळलेला बघतात. आपल्या नावांत घोळ फार होतो: एकीकडे शेख आधी, दुसरीकडे शेवटी, वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही, स्पेलिंग वेगळं. जिथे पट नियमाच्या काठावर आहे, तिथे अशा दोन-चार नावांनी एक शिक्षक जाऊ शकतो. तेव्हा ऑगस्ट संपायच्या आत मुलाचा आधार आणि शाळेची नोंद शेजारी ठेवून वाचा. चूक दिसली तर मुख्याध्यापकांना त्याच आठवड्यात भेटा.